जूनचा टीए कमी आला. अकाउंट्सला मेल करू की सोडून देऊ?

प्रश्न: मी लातूरला एका बियाणे कंपनीत फील्ड ऑफिसर आहे. जूनचा टीए १५,०३० चा टाकला होता. नांदेडच्या टूरसाठी घेतलेले ३,००० अ‍ॅडव्हान्स वजा जाता १२,०३० यायला पाहिजे होते, आले १०,४५०. साहेब म्हणतात, उगं मेल-बिल करत बसू नको, जुलैच्या क्लेममध्ये थोडे किलोमीटर जास्तीचे टाक. पेट्रोल, लॉज सगळं क्रेडिट कार्डावर झालंय. १२ तारखेला बिल आहे, मिनिमम भरून वेळ काढू का? १,५८० रुपयांसाठी अकाउंट्सशी वाकडं घ्यावं का? क्लेम, सर्क्युलर, लॉजची बिलं आणि जुलैची पगारस्लिप जोडली आहे.

उत्तर: मेल करा, पण १,५८० चा करू नका. तुमचे कागद मी दोनदा पाहिले. त्या १,५८० मधले ३५० तुम्हाला मागताच येत नाहीत, आणि जे मागता येतात ते ४,२३० आहेत. मोठी रक्कम क्लेममध्ये नाही, पगारस्लिपमध्ये दडलेली आहे.

आधी तुमची चूक, कारण अकाउंट्सवाला तीच आधी पकडेल. तुमच्या पॉलिसीत डीए तीन तऱ्हेचा आहे: हेडक्वार्टरला काम केलं तर दिवसाला १५०, एक्स-हेडक्वार्टर म्हणजे औसा, निलंगा, उदगीर करून संध्याकाळी घरी आलात तर २५०, आणि आउटस्टेशनला ४००. आउटस्टेशनच्या ओळीखाली बारीक अक्षरात लिहिलंय की हा दर मुक्काम झालेल्या दिवसालाच लागेल. तुमची नांदेड-देगलूरची टूर तीन दिवसांची, पण मुक्काम दोनच. तिसऱ्या दिवशी लोहा, अहमदपूर करत तुम्ही रात्री लातूरला पोचलात, म्हणजे तो दिवस २५० चा. तुम्ही ४०० लावलेत. शिवाय लॉजचं बिल रात्रीला १,१०० आहे आणि मर्यादा १,००० ची. डीएचे १५० आणि लॉजचे २०० मिळून ३५० तुमच्याकडून जास्त गेले. अकाउंट्सने ते बरोबर कापलेत, फक्त कळवलं नाही.

राहिले १,२३०. ते का कापले हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही, पण आकडाच बोलतो. न जुळणारा फरक दिसला की त्याला आधी किलोमीटरने भागून बघायचं. जूनमध्ये तुमचे १,६४० किलोमीटर झाले. १,२३० भागिले १,६४० म्हणजे बरोबर ७५ पैसे. असा स्वच्छ भागाकार योगायोगाने येत नसतो. सर्क्युलर उघडा: दुचाकीचा दर १ जूनपासून ३.७५ वरून ४.५० झाला, फरक ७५ पैशांचाच. म्हणजे तुमचे किलोमीटर त्यांनी एकही न कापता मान्य केलेत, फक्त सिस्टिममध्ये जुना दर राहून गेलाय. भागाकार असा वेडावाकडा आला असता, समजा ५३.७ पैसे, तर एखाद्या दिवसाचे किलोमीटर उडवलेत असं समजून रोजचा तक्ता तपासावा लागला असता.

दर सिस्टिममध्येच चुकलाय, म्हणजे फटका तुमच्या एकट्याला बसलेला नसणार. बीड, परभणीच्या सहकाऱ्यांना विचारून बघा. आणि मेल न करता बसलात तर जुलैलाही हेच होईल.

“पेट्रोल तर निघालं ना” असंही कोणी म्हणेल. निघालं, खरं आहे. गाडी लिटरला ५० देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर १,६४० किलोमीटरला साधारण ३,४५० लागतात. पण त्यावरचे पैसे म्हणजे कंपनीची मेहेरबानी नव्हे. टायर, ऑइल, चेनस्प्रॉकेट, विमा आणि काळ्या मातीच्या चिखलात झिजणारी गाडी यांचेच ते पैसे. पेरणीच्या दिवसांत शिवारात गाडी घालणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आता पगारस्लिप. वजावटीच्या रकान्यात पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्सच्या खाली एक ओळ आहे: अ‍ॅडव्हान्स रिकव्हरी ३,०००. हाच अ‍ॅडव्हान्स १४ जुलैला क्लेममधून वजा झालाय आणि ३१ तारखेला पगारातून पुन्हा कापलाय. हे बहुतेक असं होतं की टूर अ‍ॅडव्हान्सची नोंद अकाउंट्स ठेवतं, एचआरकडे तीच यादी पगाराचा अ‍ॅडव्हान्स म्हणून जाते, आणि दोन्हीकडे आपापलं काम चोख होतं. मीही सल्लागार होण्याआधी चार वर्षं फील्डला होतो. माझा असाच दुहेरी कापलेला अ‍ॅडव्हान्स मला सात महिन्यांनी सापडला, तोही घरकर्जासाठी स्लिपा काढताना. यावर एकच गोष्ट मागायची: तुमच्या नावाचा लेजर उतारा. त्यात ३,००० एकदा दिलेले आणि दोनदा वसूल झालेले दिसले की वाद उरत नाही. शिल्लक आपोआप तुमच्या बाजूने निघते.

मेल असा जाऊ द्या. तुमच्या कंपनीत मेल इंग्रजीत चालत असतील तर तसा करा, पण क्रम हाच ठेवा. आपली चूक वर, त्यांची खाली.

> विषय: जूनचा प्रवास क्लेम – दरातील फरक आणि अ‍ॅडव्हान्सची दुहेरी वसुली – एकूण ₹४,२३०
>
> महोदय,
>
> माझ्या जूनच्या क्लेमपोटी १४ जुलैला ₹१०,४५० जमा झाले. क्लेम पॉलिसीप्रमाणे पुन्हा मोजला. माझ्या मूळ क्लेममध्ये परतीच्या दिवसाचा डीए ₹१५० आणि लॉजचे ₹२०० जास्त लागले होते. आपण केलेली ही ₹३५० ची कपात मला मान्य आहे. दुरुस्त हिशोब असा:
>
> दुचाकी १,६४० किमी × ४.५० = ७,३८०
> डीए, हेडक्वार्टर १० दिवस × १५० = १,५००
> डीए, एक्स-हेडक्वार्टर १२ दिवस × २५० = ३,०००
> डीए, आउटस्टेशन २ दिवस × ४०० = ८००
> लॉज २ रात्री × १,००० = २,०००
> एकूण = १४,६८०
> वजा अ‍ॅडव्हान्स = ३,०००
> देय = ११,६८०
> मिळाले = १०,४५०
> फरक = १,२३०
>
> हा फरक १,६४० किमीला प्रति किमी ७५ पैसे येतो. त्यावरून १ जूनपासून लागू झालेल्या ४.५० ऐवजी ३.७५ हा जुना दर लागल्याचे दिसते. सर्क्युलर जोडले आहे.
>
> तसेच हाच ₹३,००० अ‍ॅडव्हान्स जुलैच्या पगारातून पुन्हा वसूल झाला आहे. पगारस्लिप जोडली आहे. खात्री करण्यासाठी माझ्या नावाचा १ जून ते ३१ जुलैचा लेजर उतारा पाठवावा.
>
> वरील ₹१,२३० प्रवास खर्चाची प्रतिपूर्ती म्हणून आणि ₹३,००० वसुली परत म्हणून जमा करावेत. जुलैचा क्लेम पास करताना नवा दर लागेल असे पाहावे, ही विनंती.
>
> आपला,
> नाव, एम्प्लॉयी कोड, हेडक्वार्टर लातूर

शेवटून दुसरा परिच्छेद मी मुद्दाम घातलाय. कंपनीच्या कामासाठी केलेल्या दौऱ्याचा खरोखर झालेला खर्च परत मिळाला तर तो तुमचं उत्पन्न धरला जात नाही. पण घाईत कोणी ते ४,२३० पुढच्या पगारात “एरिअर्स” किंवा “इन्सेंटिव्ह” म्हणून टाकले तर तेच पैसे पगार ठरतात आणि कराच्या हिशोबात येतात. म्हणून कोणत्या नावाने पैसे हवेत ते लिहूनच द्यायचं, आणि पुढच्या स्लिपमध्ये तेच नाव पडलंय का ते बघायचं.

मेलमध्ये साहेबांना सीसीत ठेवा, पण आधी फोन करून सांगा. “माझीच ३५० ची चूक निघाली, ती कबूल करून बाकीचं मागतोय” एवढं म्हटलंत तर त्यांनाही अवघड जाणार नाही.

त्यांचा किलोमीटर वाढवायचा सल्ला मात्र हिशोबातच बसत नाही. सिस्टिममध्ये अजून ३.७५ चाच दर आहे, तेव्हा १,५८० काढायला साधारण ४२१ किलोमीटर वाढवावे लागतील. तुमच्या जूनच्या एकूण किलोमीटरच्या ते चौथ्या हिश्श्याहून जास्त आहेत. ते मीटरच्या फोटोशी जुळणार नाहीत, डीलरच्या भेटींच्या नोंदींशीही नाहीत. आज तुमची बाजू कागदावर शंभर टक्के खरी आहे. एक खोटा तक्ता गेला की १,५८० चा प्रश्न नोकरीचा होतो, आणि तेव्हा “साहेबांनी सांगितलं होतं” याला कुठेही पावती नसते. शिवाय पगारातून गेलेले ३,००० त्या वाटेने परत येतच नाहीत.

जुलैचा क्लेम वेगळा आणि स्वच्छ टाका; त्यात जूनचं काही मिसळू नका. मेलला आठवडाभर उत्तर नाही आलं तर त्याच मेलवर रिप्लाय करून आठवण द्या, नवा मेल सुरू करू नका. फोनवर “बघतो” म्हणाले तर त्याच धाग्यात लिहा, “आज बोलणं झालं त्याप्रमाणे वाट पाहतो.” तुमच्या पॉलिसीत क्लेमच्या तक्रारीला किती दिवसांची मुदत आहे तेही आजच बघून ठेवा. बऱ्याच कंपन्या ठरावीक दिवसांनंतर जुना महिना उघडत नाहीत.

कार्डाचं मिनिमम भरू नका. ८,००० मागे राहिले तर साडेतीन टक्के दराने महिन्याला २८० व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५०, असे ३३० जातील. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या महिन्यात कार्डावर भरलेल्या पेट्रोललाही बिनव्याजी मुदत मिळणार नाही. स्वाइप केल्या दिवसापासून व्याज चालू होईल. बचत खात्यातून १२ तारखेच्या आत पूर्ण बिल भरा. खात्यात तेवढे नसतील तर घरातून पंधरा दिवसांसाठी घ्या, आणि ४,२३० जमा झाले की पहिली परतफेड तिथे करा.