फ्लॅशबॅकची जागा: एका नव्या पटकथाकारास पत्र

चिरंजीव, सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेली लघुपटाची पटकथा दोनदा वाचली. लालबागच्या चाळीतली खोली पुनर्विकासाला देण्यावरून दोन भावांत पेटलेला वाद तू चांगला रंगवला आहेस. मात्र 1982 च्या गिरणी संपाचा फ्लॅशबॅक तिसऱ्याच पानावर येतो आणि तीन पाने चालतो. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, हे धरले तर थोरला भाऊ सही का करत नाही, असा प्रश्न प्रेक्षकाला पडण्याआधीच तू त्याला तीन मिनिटे उत्तर देत बसतोस.

तो प्रसंग काढून शेवटचे दृश्य वाचून पाहा. त्याचा अर्थ बदलत नसेल, तर फ्लॅशबॅक केवळ माहिती पुरवतो आहे. तुझ्या मसुद्यात तसेच झाले आहे, कारण त्यातला मोर्चा आणि गेटवरची सभा थोरल्याच्या हट्टाविषयी काहीच सांगत नाहीत. सांगणारी घटना एकच आहे: वडील खोली सोडून गावी जायला निघतात आणि चौदा वर्षांचा यशवंत शाळा सोडून मिळवलेली पहिली मजुरी त्यांच्यापुढे ठेवतो. धाकटा तेव्हा कोपऱ्यात झोपलेला दाखव, म्हणजे त्याला हे आजवर का ठाऊक नाही, हे वेगळे सांगावे लागणार नाही. एवढाच प्रसंग एका पानात बसव आणि धाकटा ‘तुला नुसता अडवायचा सोस आहे’ असे म्हणतो, त्याच्या लगेच पुढे ठेव.

आता काळबदलाच्या खुणा. ‘तपकिरी छटा’ असे लिहून भागवू नकोस. ती छटा पुढे संकलनाच्या टेबलावर राहील की नाही, हे तुझ्या हातात नाही, आणि पडद्यावर ‘1982’ ही अक्षरे आली तरी समोरचा मुलगा कोण, हे त्यातून कळत नाही. खूण वस्तूत असावी आणि दृश्याच्या पहिल्याच ओळीत, संवाद सुरू होण्याआधी यावी. उदाहरणार्थ:

आतील दृश्य. खोली. रात्र. वर्तमान.
यशवंत (56) दाराच्या चौकटीला टेकतो. हिरव्या रंगाचे पोपडे सुटले आहेत. खाली निळा रंग दिसतो. त्याचा अंगठा त्या निळ्यावर थांबतो.

आतील दृश्य. तीच खोली. रात्र. 1982.
तीच चौकट, संपूर्ण निळी. पिवळा बल्ब. यशवंत (14) अंगठ्याने ती खरवडतो आहे.

अंगठ्याची ही सवय येथे फार उपयोगी आहे, कारण दोन्ही वयांसाठी नट वेगळे असणार आणि चेहऱ्यांवरून ओळख पटेलच असे नाही. सवय पहिल्या पानावर एकदा सहज दाखवून ठेव. कटच्या क्षणी ती प्रथमच दिसली, तर ती केवळ क्लृप्ती वाटेल.

परत येताना ‘वर्तमान’ हा शब्द शीर्षकात पुन्हा लिही, आणि जिथून गेलास त्याच क्षणी परत ये: धाकट्याने पुढे केलेले पेन अजून हवेतच आहे. त्यानंतर यशवंतच्या तोंडी खुलासा नको. प्रेक्षकाला कळलेले धाकट्याला कळलेले नाही, या तफावतीवरच उरलेली पाने उभी राहतील. सुधारलेला मसुदा पाठव.

तुझा,
जुना शिक्षक