४०० शेतकरी की ४०० सह्या?

"सर, मी यवतमाळ जिल्ह्यात एका संस्थेत क्षेत्र कार्यकर्ता आहे. स्वयंमूल्यमापनाच्या फॉर्मवर 'पाच गावांतल्या ४०० शेतकऱ्यांना प्रशिक्षण देऊन बोंडअळी आटोक्यात आणली' असं लिहिलं होतं. साहेबांनी 'पुरावा?' एवढंच लिहून फॉर्म परत केला. आता कमी करून लिहू का?"

आकडा अंदाजाने कमी करू नका, मोजून लिहा. ४०० ही बहुधा हजेरीपटावरच्या सह्यांची बेरीज असेल. एकच शेतकरी पाच शेतीशाळांना आला की तो पाचदा मोजला जातो. गावनिहाय नावं उतरवा आणि दुबार नावं खोडा. समजा १४८ उरले, तर लिहा: '१२ शेतीशाळा, १४८ शेतकरी, त्यांतले ६१ जण चार किंवा जास्त वेळा आले.' नेमाने येणारे किती, हे या ६१ मधून कळतं. साहेबांना तेच हवं असतं. फोटोंवर फार भिस्त नको. लोक जमले होते, यापलीकडे त्यातून काही सिद्ध होत नाही.

'आटोक्यात आणली' हे मात्र काढाच. गुलाबी बोंडअळी वाढण्या-घटण्यात पावसाचा आणि शेजाऱ्याने हंगाम संपल्यावरही राखलेल्या कपाशीचा, म्हणजे फरदडीचाही हात असतो. तुमच्या हातात होतं ते कामगंध सापळ्यांतले पतंग मोजणं आणि वेळेत सांगणं. सलग तीन रात्री दर सापळ्यात दर रात्री ८ पतंग, ही फवारणीची पातळी. ती गाठल्याची वहीतली तारीख आणि शेतकऱ्यांच्या गटावर निरोप गेल्याची तारीख शेजारी-शेजारी मांडा. दोन्हींत एका दिवसाचं अंतर असेल तर ते तुमचं काम, आणि ते नाकारता येत नाही.

परिणाम दाखवायचा असेल तर बोंडांच्या नोंदी काढा. समजा १० शेतांत फवारणीआधी प्रत्येकी २० हिरवी बोंडं फोडली आणि २०० पैकी २६ किडकी निघाली. दोन आठवड्यांनी त्याच शेतांत तेवढ्याच बोंडांत १४. मग लिहा: 'पाहिलेल्या १० शेतांत किडकी बोंडं १३ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आली, न फवारलेल्या शेतांशी तुलना केलेली नाही.' शेवटचा तुकडा गाळावासा वाटेल, पण बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो तो त्याच्यामुळे. नोंदी १५ शेतांच्या असतील तर पंधराही धरा. बरी निघालेली दहाच उचलली, तर प्रत्येक आकडा खरा असूनही ती फुगवाफुगवीच.

सापळे कृषी विभागाने दिले असतील तर तसंच लिहा आणि लावून घेण्याचं काम आपल्या नावावर ठेवा. एखाद्या गावात शेतीशाळा झालीच नसेल तर कारणासह एक ओळ पुरे.

सोबत तीनच कागद जोडा: दुबार काढलेली यादी, सापळ्यांच्या वहीचं ते पान आणि बोंडांच्या नोंदी. हजेरीपटावर राहून गेलेल्या सह्या आता गोळा करत बसू नका. वर्षभराच्या पानांवर एकाच पेनाची शाई दिसली की खऱ्या सह्याही खोट्या वाटू लागतात.