‘क्रेपी’ म्हणा, पण लांडग्याचं नाव निघालं असेल तरच

प्रश्न: मिलानोत शिकतेय. तोंडी परीक्षेआधी मैत्रीण ‘इन बोक्का अल लूपो’ म्हणाली. मी ‘ग्रात्सिए’ म्हणून आभार मानले, तर तिने दचकून किल्ल्यांना हात लावला. काय चुकलं? गुरुवारी अजून एक पेपर आहे.

तुमची मैत्रीण किल्ल्यांना शिवली कारण आपण लाकडाला हात लावतो तसे तिकडे लोखंडाला लावतात. मीही चार वर्षं इटलीत काढली आहेत, आणि पहिल्या सहामाहीत असंच ‘ग्रात्सिए, ग्रात्सिए’ करत फिरलो.

‘इन बोक्का अल लूपो’ ही शुभेच्छाच, पण शब्दशः अर्थ ‘लांडग्याच्या तोंडात’. शुभ बोललं की दृष्ट लागते, म्हणून मुद्दाम उलटं बोलायचं. बांगडी फुटली की आपण ‘वाढवली’ म्हणतो ना, त्याच्या अगदी उलट. आता लांडग्याच्या तोंडात जा म्हटल्यावर ‘आभारी आहे’ म्हणालात, तर तुम्ही ते पदरात घेतलंत आणि तिथेच राहिलात. म्हणून उत्तर ‘क्रेपी’, पूर्ण म्हणजे ‘क्रेपी इल लूपो’: मरो तो लांडगा. तो मेला की तुम्ही सुटलात. हे उत्तर त्या शुभेच्छेचाच दुसरा अर्धा भाग आहे.

आमच्या विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीने (नाव घेत नाही) एक पत्रक दिलं होतं. त्यात हा वाक्प्रचार, शेजारी ‘बेस्ट ऑफ लक’, बस्स. उत्तराचा पत्ता नाही. विचारायला गेलो तर बाई म्हणाल्या, अपॉइंटमेंट घ्या. शेवटी वर्गातल्या एकाने ‘क्रेपी’ शिकवलं, आणि मी ते सगळीकडे वापरायला लागलो. वाढदिवसाला सत्तरीच्या घरमालकीणबाई केक घेऊन आल्या, म्हणाल्या ‘आउगूरी!’, म्हणजे शुभेच्छा. मी हसून म्हणालो, ‘क्रेपी!’

लांडग्याचा उल्लेख आधी झालेला नसेल तर क्रेपी कोणाला उद्देशून? समोरच्याला. आदरार्थी रूपही तेच, म्हणजे ‘मरा’. शिवाय क्रियापद असभ्य, आपल्याकडच्या ‘खपणे’सारखं. केक टेबलावर ठेवून बाई निघून गेल्या. पुढचे दोन महिने माझ्याशी बोलणं फक्त भाड्यापुरतं. आउगूरीला ‘ग्रात्सिए’च म्हणायचं, हे तेव्हा कळलं.

हल्ली काहीजण ‘विवा इल लूपो’ म्हणतात, लांडगा चिरायू होवो. लांडगीण पिल्लांना तोंडात धरून सुरक्षित नेते, असं त्यामागचं कारण सांगतात. गोष्ट गोड आहे, पण मागाहून जोडलेली वाटते. लांडग्यांबद्दलची कणव मात्र समजू शकतो. 1971 साली तिथे त्यांची शिकार बंद झाली तेव्हा देशभरात शंभरएक उरले होते. तुमची मैत्रीण प्राणिप्रेमी असेल तर तेच म्हणा. मी जुन्या वळणाचा, क्रेपीवर ठाम. (भाषेचा अभ्यासक नाही, अनुभवाचं सांगतोय.)

गुरुवारसाठी इन बोक्का अल लूपो. आणि खाली ‘धन्यवाद’ लिहू नका.