पोटभाडेकरूचे पैसे खात्यात घेऊ नका, आणि शेवटची ताकीद एकदाच द्या

> "भाडेकरूने तिसऱ्यांदा न विचारता फ्लॅटमध्ये दुसरी मुलं ठेवली आहेत. दोनदा फोनवर बजावलं, ऐकत नाही. आता शेवटची लेखी ताकीद द्यायची आहे. करारातलं कोणतं कलम लिहू? पुणे, ११ महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स."

तुमची पोस्ट वाचली आणि माझं वाकडच्या फ्लॅटचं सगळं प्रकरण डोळ्यांसमोर आलं. मी वकील नाही. जे भोगलं आणि त्यातून जे कळलं तेवढंच लिहितो. पत्र पाठवण्याआधी ते एखाद्या वकिलाच्या नजरेखालून घालाच.

कलमाचं आधी सांगतो, कारण मीही ते चुकीच्या जागी शोधत बसलो होतो. नोंदणीच्या ऑनलाइन मसुद्यावर केलेल्या करारांत पोटभाड्याचं वेगळं शीर्षक सहसा नसतं. ते 'नो टेनन्सी' या मथळ्याखाली येतं. लायसन्सी, म्हणजे करारातला भाडेकरू, कुळाचा हक्क सांगणार नाही आणि जागा किंवा जागेचा कोणताही भाग दुसऱ्याला हस्तांतरित करणार नाही, पोटभाड्याने देणार नाही, अशा अर्थाचं ते वाक्य असतं. मथळा वाचून आपण पुढे जातो आणि 'आमच्या करारात असं काही लिहिलंच नाही' असं समजतो. दुसरं कलम 'कॅन्सलेशन'चं. कुठल्याही अटीचा भंग झाला तर एक महिन्याची लेखी नोटीस देऊन परवाना रद्द करता येतो, हे तिथे असतं. ताकीदपत्रात ही दोन्ही कलमं हवीत, पहिलं भंग कशाचा झाला हे सांगायला आणि दुसरं पुढे काय करणार हे सांगायला. क्रमांक मात्र तुमच्या नोंदणीकृत प्रतीवरूनच घ्या, एजंटाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या कच्च्या मसुद्यावरून नको. माझ्याकडे दोन्हींतले क्रमांक वेगळे निघाले.

आता माझी चूक. करार नवरा-बायकोच्या नावाने होता, भाडं २२,००० रुपये. पहिल्यांदा दोन मुलं दिसली तेव्हा 'मामेभाऊ आहेत, परीक्षा झाली की जातील' असं सांगितलं गेलं. दुसऱ्यांदा मी अचानक गेलो, तर दाराशी सात-आठ जोडी चपला, बेसिनवरच्या एका मगात पाच टूथब्रश, आणि हॉलमध्ये भिंतीला लावून तीन लोखंडी कॉट. ते जोडपं कधीच दुसरीकडे राहायला गेलं होतं. मुलं प्रत्येकी ७,००० देत होती, म्हणजे महिन्याला ३५,००० जमत होते. मी चिडून व्हॉट्सअ‍ॅपवर 'ही शेवटची वॉर्निंग' असं लिहिलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच लिहिलं.

मग त्यांतल्याच एका मुलाचा फोन आला. "काका, दादा फोन उचलत नाहीत, भाडं तुम्हालाच पाठवू का?" भाडं थकलेलं होतं, घराचा हप्ता डोक्यावर होता. मी हो म्हणालो. दोन महिने त्याच्या खात्यातून माझ्या खात्यात २२,००० आले आणि त्याखाली शेरा होता, 'जुलैचं भाडं', 'ऑगस्टचं भाडं'.

रीतसर लेखी ताकीद पाठवली तेव्हा उत्तरात हेच दोन स्क्रीनशॉट जोडून आले. मालकाला सगळं माहीत होतं, तो राहणाऱ्यांकडून थेट भाडं घेत होता, म्हणजे त्याची संमती होती, असं त्यांचं म्हणणं. वरून माझेच दोन 'शेवटची वॉर्निंग'चे मेसेज. दोनदा शेवटची देऊन काहीच केलं नाही, म्हणजे चाललेलं मान्य होतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. आमचे वकील म्हणाले की हा मुद्दा शेवटपर्यंत टिकेलच असं नाही, पण प्रकरण लांबवायला पुरेसा आहे. तसंच झालं. मुदतीआधी परवाना रद्द करण्याचा नाद सोडून मी कराराची मुदत संपेपर्यंत पाच महिने थांबलो. पोलीस चौकीत दोन चकरा मारल्या, तिथे 'हे दिवाणी आहे' एवढंच ऐकायला मिळालं. एका माणसाने तरी आपली कागदपत्रं उघडून पाहावीत असं फार वाटायचं.

म्हणून आधी बँकेचं पासबुक बघा. पोटभाडेकरूकडून एक रुपयाही आला असेल, तर तो त्याच खात्यात परत पाठवा आणि 'तुमच्याशी माझा कोणताही करार नाही, रक्कम परत करत आहे' असं लिहा. मूळ लायसन्सीचं भाडं घ्यायला हरकत नाही, पण ते घेणं म्हणजे परवानगी नव्हे, हे पत्रात यायला हवं.

पत्राचा गाभा मी आता लिहिला तर असा लिहीन. तारखा आणि क्रमांक तुमचे घाला:

> "आपल्यातील नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराच्या कलम ___ नुसार सदर जागा किंवा तिचा कोणताही भाग अन्य व्यक्तीस वापरण्यास देण्यास मनाई आहे. दि. ___, दि. ___ व दि. ___ रोजी करारात नाव नसलेल्या व्यक्ती सदर जागेत राहत असल्याचे आढळले. मी यास कधीही संमती दिलेली नाही. ही अंतिम ताकीद असून पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत सदर व्यक्तींनी जागा सोडली नाही, तर कलम ___ नुसार परवाना रद्द करण्याची एक महिन्याची नोटीस देण्यात येईल. आपल्याकडून येणारे मासिक शुल्क मी माझे सर्व हक्क राखून स्वीकारत आहे."

तीन तारखा महत्त्वाच्या. 'वारंवार' हा शब्द नुसता लिहिला तर त्याला वजन नसतं. सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरची पानं, सेक्रेटरींचं पत्र, फोटो, यांतून तारखा काढा. फोनवर बजावलेलंही तारखेनिशी लिहा. आणि १५ दिवस म्हटलं की सोळाव्या दिवशी रद्द करण्याची नोटीस तयार असू द्या. ताकीद आणि रद्द करण्याची नोटीस हे दोन वेगळे कागद आहेत. पहिल्यातच 'परवाना रद्द केला' असं लिहून पुन्हा सुधारायला मुदत दिली, तर दोन्हींचा जोर जातो.

पत्र करारातल्या कायमच्या पत्त्यावर आणि फ्लॅटच्या पत्त्यावर, दोन्हीकडे पाठवा. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा खिडकीवर पोच हवी असं स्पष्ट सांगा. तोच पीडीएफ ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. त्याखाली चर्चा मात्र नको. 'बरं, या महिन्यापुरतं राहू दे' असं एक वाक्य गेलं की वरचं सगळं पाण्यात.

काही करारांत मुदतीनंतर मालक कोर्टात न जाता सामान बाहेर काढू शकतो, असंही लिहिलेलं असतं. त्यावर विसंबून कुलूप बदलू नका, वीज-पाणी तोडू नका. त्या क्षणी तक्रारदार ते होतात आणि आरोपी तुम्ही.

मुदत संपूनही ताबा दिला नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे लायसन्सीला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट शुल्क भरावं लागू शकतं. आमच्या पत्रात हे एक वाक्य आल्यावर कॉट हलल्या. तुमच्या ११ महिन्यांतले किती उरलेत ते लिहा. दोन-तीनच उरले असतील तर मी रद्द करण्याच्या भानगडीत पडणार नाही. ताकीद देऊन ठेवीन, नूतनीकरण करणार नाही असं लेखी कळवीन, आणि मुदत संपण्याच्या आठवड्यात अर्जाची फाइल तयार ठेवीन.