अॅब्सेन्स ते टॉनिक-क्लॉनिक: झटका कसा संपतो ते बघा

प्रश्न: क्लिनिकल न्यूरोसायन्सची परीक्षा आहे. अॅब्सेन्सपासून जनरलाइज्ड टॉनिक-क्लॉनिकपर्यंत कुठल्या झटक्यात ईईजी कसा दिसतो ते पाठ केलं तरी ट्रेस समोर आला की गोंधळ उडतो. काय बघायचं?

सांगली-मिरजेत ईईजी काढण्यात माझी बरीच वर्षं गेली. माझा अनुभव असा, की विद्यार्थी झटक्याची सुरुवात शोधत बसतात आणि शेवटाकडे बघतच नाहीत. मी आधी शेवट बघतो.

तासगावकडची आठ वर्षांची एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. तक्रार शाळेतल्या बाईंची: पाढे म्हणता म्हणता 'सात साते'वर थांबते, नजर स्थिर होते आणि मग काही घडलंच नाही अशी पुढे चालू लागते. वडील म्हणाले, "आळशीपणा करते, साहेब." मी तिच्या हातात कागदाचं भिरभिरं दिलं आणि तीन मिनिटं फुंकायला सांगितलं. हायपरव्हेंटिलेशन मुलांकडून करून घ्यायची ही सगळ्यात सोपी युक्ती. (सिकलसेल, मोयामोया, नुकताच झालेला पक्षाघात किंवा गंभीर हृदयविकार असेल तर हे करायचं नाही.)

दीड मिनिटात मोठ्या संथ डेल्टा लाटा आल्या. इथेच पुष्कळजण फसतात. जोरात श्वास घेणाऱ्या मुलांत अशा लाटा हळूहळू वाढत येतात, त्या नॉर्मल असतात. मग एकदम भिरभिरं थांबलं. त्याच क्षणी दोन्ही बाजूंना एकदम, कपाळाकडे सर्वात उंच, स्पाइक आणि तिच्या मागे संथ लाट, पुन्हा स्पाइक, पुन्हा लाट. लाटा इतक्या उंच की पेन एकमेकांवर चढू लागले, म्हणून सेन्सिटिव्हिटी कमी करावी लागली. सेकंदाला ३० मिलिमीटर वेगाच्या कागदावर दोन स्पाइकमधलं अंतर १० मिलिमीटर भरलं, म्हणजे ३ हर्ट्झ. सुरुवातीला वेग किंचित जास्त होता, शेवटी किंचित कमी. तेवढ्यात मी मोठ्याने म्हणालो, "कलिंगड." अकरा सेकंदांनी सगळं कापल्यासारखं थांबलं, मुलीने पुन्हा फुंकर मारली. विचारलं, मी काय म्हणालो? "काहीच नाही." लाटा निव्वळ नॉर्मल असत्या तर तिने बहुधा कलिंगड सांगितलं असतं.

आता शेवट बघा. झटक्यानंतर आधी होती तीच पार्श्वभूमी लगेच परतली. सुस्ती नाही, गोंधळ नाही. अॅब्सेन्सची ही खूण परीक्षेत न चुकता लिहा. हेच चित्र २.५ हर्ट्झपेक्षा संथ, सुरुवात-शेवट पुसट आणि पार्श्वभूमीही बिघडलेली असेल, तर अॅटिपिकल अॅब्सेन्सचा विचार करा. या मुलीला आधी कुणीतरी कार्बामॅझेपिन दिलं होतं. त्याने अॅब्सेन्स वाढू शकतो आणि तिचं तसंच झालं होतं.

टेम्पोरल लोबमधल्या फोकल झटक्यातही माणूस शून्यात बघतो, पण तिथे लय एका बाजूच्या टेम्पोरल भागात उठते. बहुतेकदा ती ५ ते ७ हर्ट्झची थीटा असते. मिनिटभरात तिचा वेग आणि आकार बदलत जातो, ती पसरते. झटका संपल्यावर त्याच बाजूला संथ लाटा राहतात आणि माणूस काही वेळ भांबावलेला असतो.

टॉनिक-क्लॉनिकमध्ये हाच बदल टोकाला जातो. अंग ताठ होतं तेव्हा दोन्ही बाजूंना १० हर्ट्झच्या आसपास किंवा जास्त वेगाची लय येते, तिची उंची वाढते, वेग उतरतो. मग हिसके देणारा टप्पा: प्रत्येक हिसक्याला पॉलिस्पाइकचा पुंजका, मध्ये शांतता, आणि ही शांतता लांबत जाते. शेवटचा हिसका झाला की ट्रेस जवळजवळ सपाट होतो. त्यानंतर डेल्टा येते आणि पार्श्वभूमी सावकाश सावरते.

प्रत्यक्षात हे स्वच्छ दिसत नाही, कारण स्नायूंचा गोंगाट सगळं झाकून टाकतो. तो घालवायला हाय फिल्टर ७० वरून १५ हर्ट्झवर आणू नका. उरलेला स्नायूंचा गोंगाट मग मेंदूच्या जलद लयीसारखा दिसतो आणि तुम्ही नसलेला झटका वाचता. त्यापेक्षा गोंगाट सरल्यानंतरचं पान बघा.

एका तरुणाचं अंग दोन मिनिटं थडथडत होतं. पडद्यावर स्नायूंची लय पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच वेगाची होती, आणि थांबल्या थांबल्या डोक्याच्या मागच्या बाजूला स्वच्छ अल्फा आली. खऱ्या टॉनिक-क्लॉनिकनंतर अल्फा इतक्या लगेच परतत नाही. डॉक्टरांनी पुढे त्याचं निदान मानसिक कारणाचे, म्हणजे नॉन-एपिलेप्टिक झटके असं केलं. मात्र हा नियम फ्रंटल लोबच्या छोट्या झटक्यांना लावू नका. तिथे खऱ्या झटक्यानंतरही पार्श्वभूमी पटकन परतते, आणि कधीकधी डोक्यावरच्या इलेक्ट्रोडना झटका दिसतही नाही.