खवळलेल्या मनोरुग्णाला आधी इंजेक्शन की गोळी?

"इमर्जन्सीत नुकताच रुजू झालोय. मनोरुग्ण खवळून आला की सगळे थेट इंजेक्शन मागतात. गाइडलाइनमध्ये आधी बोलणं, मग गोळी, मग इंजेक्शन असा क्रम आहे म्हणतात. प्रत्यक्षात तेवढा वेळ असतो का?"

बहुतेक वेळा असतो. 2012 मध्ये अमेरिकेतल्या इमर्जन्सी मानसोपचारतज्ज्ञांनी 'प्रोजेक्ट बीटा' नावाने शिफारशी काढल्या. त्यांच्या मते नीट बोललं तर बरेच रुग्ण 5 ते 10 मिनिटांत शांत होतात. धरून, पकडून इंजेक्शन द्यायची जुळवाजुळव करण्यातही तेवढा वेळ जातोच.

एक रुग्ण सांगतो. वय 26, मॅनिया, औषधं बंद केलेली, तीन रात्री झोप नाही. भावाने ओढतच आणलं होतं. खोलीत येरझाऱ्या आणि आरडाओरडा चालू. भाऊ, सिस्टर आणि वॉर्डबॉय असे तिघं एकाच वेळी त्याला समजावत होते, आणि त्यानेच तो जास्त चिडत होता. मी भावाला बाहेर बसवलं आणि बोलणारा एकटाच राहिलो. दोन हातांचं अंतर ठेवलं. दाराची वाट त्यालाही मोकळी आणि मलाही. "आत्ता तुम्हाला काय हवंय?" एवढंच विचारलं. त्याचा फोन भावाने काढून घेतला होता. "तीन रात्री झोप नाही, त्यात फोनही घेतला, राग येणारच," असं म्हणालो. ते खरंच होतं. फोन परत मिळाल्यावर तो खुर्चीत बसला.

तो बसल्यावर नाडी, ताप, ऑक्सिजन आणि बोटातून साखर बघितली. आपण कुठे आहोत, आज वार कोणता, हे त्याला सांगता येत होतं. ज्याला ते येत नाही, ज्याचं लक्ष क्षणात भरकटतं, ज्याला ताप आहे किंवा डोक्याला मार लागलाय, तो डिलिरियमचा रुग्ण धरून कारण शोधायचं. नुसतं झोपवलं तर ते कारण झाकलं जातं.

मग गोळी. "औषध घेता का?" असं विचारलं की "नाही" येतं. म्हणून मी निवड पुढे ठेवतो: "लोराझेपाम घ्याल की ओलान्झापिन? मागच्या वेळी कशाने बरं वाटलं होतं?" त्याने ओलान्झापिन 10 मिलिग्रॅम घेतली, तोंडात विरघळणारी. ही साध्या गोळीपेक्षा लवकर लागू पडते हा गैरसमज आहे. तिचा फायदा इतकाच की ती गालात लपवता येत नाही. लोराझेपामच्या गोळीचा असर साधारण 20 ते 30 मिनिटांत जाणवायला लागतो, स्नायूत दिलेल्या इंजेक्शनचा 15 ते 30. या फरकासाठी चौघांनी रुग्णाला दाबून धरावं असं मला वाटत नाही. गोळीनंतर तासभर थांबायची तयारी मात्र हवी.

तो गोळी थुंकला असता किंवा कुणाच्या अंगावर गेला असता, तर इंजेक्शन दिलंच असतं. ब्रिटनच्या नाइसची 2015 ची गाइडलाइन दोन पर्याय देते: एकटं लोराझेपाम, किंवा हॅलोपेरिडॉलसोबत प्रोमेथाझिन. पूर्वीची माहिती नाही, ईसीजी नाही, तर लोराझेपाम. वेल्लोरमध्ये 200 रुग्णांवर या दोन पर्यायांची तुलना झाली. चार तासांनी दोन्हीकडे जवळजवळ सगळे शांत होते, पण जोडीचा असर लवकर झाला. तिथेच नंतर जोडीची तुलना ओलान्झापिनच्या इंजेक्शनशी झाली. सुरुवातीला दोन्ही सारखी ठरली, पण ओलान्झापिनवाल्यांना पुन्हा औषध द्यायची वेळ जास्त आली.

प्रोमेथाझिन वगळू नका. शिकत असताना मी एका तरुणाला नुसतं हॅलोपेरिडॉल दिलं होतं. काही तासांनी त्याची मान वाकडी झाली, डोळे वर गेले. ड्यूटीवरचे सगळे "नाटक करतोय" म्हणत होते, आणि घाबरलेला तो मुलगा बोलूही शकत नव्हता. ती डिस्टोनिया होती. प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने ती उतरली, पण त्या मुलाने पुढे कितीतरी महिने कोणतंच औषध घेतलं नाही.

ओलान्झापिन आणि लोराझेपाम ही दोन्ही इंजेक्शनं एकत्र देऊ नका. निदान तासाचं अंतर ठेवा, नाहीतर रक्तदाब आणि श्वास दोन्ही घसरू शकतात. दारू प्यायलेल्याला लोराझेपामने श्वासाचा तोच धोका असतो. मात्र दारू सुटल्यामुळे थरथरणाऱ्याला तेच औषध लागतं. म्हणून शेवटचा घोट कधी घेतला, हे नातेवाइकांना विचारा.

इंजेक्शन देताना पालथं दाबून ठेवू नका. नंतर नाडी, रक्तदाब, श्वास, ताप, ऑक्सिजन आणि शुद्ध किमान दर तासाला बघा. रुग्ण गाढ झोपला किंवा नशेत असला तर दर 15 मिनिटांनी. घोरण्याचा आवाज आला तर "झोपला बिचारा" म्हणून निघून जाऊ नका, हनुवटी उचलून श्वासाची वाट मोकळी आहे ना ते आधी बघा.