“केक इमोजी” म्हटलं आणि आधीचा शब्दच गेला

प्रश्न: बोलून टाइप करताना इमोजीचं नाव घेतलं की कधी चित्र येतं, कधी नुसते शब्द येतात, तर कधी भलतंच काहीतरी. असं का होतं?

मनगटाच्या दुखण्यामुळे मी गेली काही वर्षं बहुतेक संदेश बोलूनच लिहितो, त्यामुळे हे प्रकार रोज पाहतो. चूक दर वेळी ऐकण्यातलीच असते असं नाही. बोललेलं आधी शब्दांत उतरतं आणि मग त्या शब्दांवर आणखी एक संस्कार होतो. ‘कॉमा’ म्हटल्यावर स्वल्पविराम टाकणं, आकड्यांचे शब्द अंकांत बदलणं ही त्याच टप्प्यातली कामं, आणि इमोजीही तिथेच घडतात. ‘इमोजी’ हा शब्द आला की त्याच्या लगेच आधीचे शब्द नावांच्या एका यादीत शोधले जातात. सापडले, तर नाव आणि ‘इमोजी’ हा शब्द दोन्ही पुसून तिथे चित्र बसतं.

खरी अडचण आहे ती मागे किती शब्दांपर्यंत जायचं याची. एकदा मी वाढदिवसाच्या शुभेच्छा एका दमात बोललो: “हॅपी बर्थडे केक इमोजी”. मला बर्थडे हा शब्द हवा होता आणि पुढे केकचं चित्र. पडद्यावर आलं ते असं:

```
Happy 🎂
```

एकही शब्द चुकीचा ऐकला गेला नव्हता. या चित्राचं (U+1F382) नावच मुळी ‘बर्थडे केक’ आहे. मागे जाताना ‘केक’ही जुळला आणि ‘बर्थडे केक’ही जुळला, तेव्हा लांब नावाला पसंती मिळाली आणि माझा बर्थडे नावात ओढला गेला. लांब नाव निवडणं तसं बरोबरच आहे. तसं केलं नाही, तर “रेड हार्ट इमोजी” म्हटल्यावर ‘रेड’ हा शब्द मागे उरेल आणि त्याच्यापुढे हृदय येईल.

आता मी “हॅपी बर्थडे” म्हणतो, मग “कॉमा” किंवा “न्यू लाइन”, आणि त्यानंतर पूर्ण नाव घेऊन “बर्थडे केक इमोजी”. मध्ये विरामचिन्ह आलं की नाव त्याच्या पलीकडे जात नाही. नुसतं थांबून भागेल असं वाटतं, पण थांबण्याची जागा चुकली तर उलटंच होतं. ‘केक’ आणि ‘इमोजी’ यांच्यामध्ये श्वास घेतला की ‘केक’ हा साधा शब्द म्हणून लिहून मोकळा होतो आणि ‘इमोजी’ एकटाच उरतो. नाव आणि ‘इमोजी’ एका श्वासात, थांबायचं ते नावाच्या आधी.

भलतंच चित्र येतं तेव्हा बहुधा नावात घोळ असतो. आपण जे म्हणतो आणि यादीत जे असतं त्यात बरंच अंतर असतं. नाकातून थेंब लोंबणारा पेंगुळलेला चेहरा (😪) हा ‘स्लीपी फेस’, तर झेड अक्षरं उडणारा गाढ झोपलेला चेहरा (😴) हा ‘स्लीपिंग फेस’. एका अक्षराचा फरक, तोही घाईत बोलताना गिळला जाणारा. रडण्याचंही तसंच: एक अश्रू म्हणजे ‘क्राइंग फेस’ (😢), धो-धो रडणं म्हणजे ‘लाउडली क्राइंग फेस’ (😭). नुसतं ‘क्राइंग इमोजी’ म्हटलं, तर यातलं कोणतं येईल हे ज्याने यादी बनवली त्याच्यावर.

नावं कुठून घ्यायची तेही पाहा. लाल हृदयाच्या चिन्हाचं (U+2764) युनिकोडमधलं मूळ नाव HEAVY BLACK HEART असं आहे, कारण ते रंगीत इमोजींच्या कितीतरी आधीचं, छपाईतलं भरीव चिन्ह आहे. त्याला लाल करतो तो त्याच्यामागचा न दिसणारा U+FE0F हा संकेत. पण तक्ता वाचून “ब्लॅक हार्ट इमोजी” म्हणाल, तर मिळेल २०१६ साली आलेलं काळं हृदय (🖤). बोलताना हवं ते इमोजी कीबोर्डवर दिसणारं नाव, म्हणजे ‘रेड हार्ट’.

कुठे बिघडलं हे पडद्यावरूनच कळतं. `hard emoji` असं उमटलं, तर ऐकण्यात चूक झाली. ते नाव पुन्हा स्पष्ट उच्चारा. `heart emoji` असं अचूक लिहिलेलं, पण शब्दांतच राहिलं, तर ओळखलं बरोबर, पण बदल झालाच नाही. मध्ये थांबला होतात का ते आधी आठवा. नसाल, तर ते नाव यादीत नाही, किंवा बोलण्यासाठी निवडलेल्या भाषेत ही सोय नाही. यादी प्रत्येक भाषेची वेगळी असते, म्हणून एका भाषेत चालणारं नाव दुसरी भाषा निवडल्यावर नुसतं अक्षरांत उतरतं. तिथे पुन्हा पुन्हा मोठ्याने बोलून काही बदलत नाही. भाषा बदला किंवा चित्र हाताने निवडा.

आणि ‘हार्ट इमोजी’ हे दोन शब्द शब्द म्हणूनच हवे असतील, तर क्रम उलटा करा: “द इमोजी विथ अ हार्ट”. ‘इमोजी’च्या लगेच आधी कुठलंच नाव नसल्याने वाक्य जसंच्या तसं राहतं.